सहा ग्रॅमची रात्रपाळी

संध्याकाळी ५.४०

निफाड तालुक्यातला द्राक्षमळा. ऑक्टोबर छाटणी नुकतीच उरकली आहे. पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजुरांची टोळी दिवसभर काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावत होती. काम उक्तं, एकरावर ठरलेलं. आता बायका हौदावर हातमोजे धुताहेत. पिकअप आली की सगळे मुक्कामाला जातील.

वेलींवर पान नाही. दिसतात ते फक्त ओलांडे, लोखंडी अँगल आणि तारा. फूट-सव्वाफुटावर एक तार, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मळ्याचे सालदार नाना मोटारीच्या खोलीसमोर बसलेत. त्यांचं साल पाडव्याला ठरतं. या आठवड्यात शेतीची लाईट रात्री आहे, दहाला येणार. तोवर जेवण आणि थोडी झोप. प्राणिशास्त्राची एक विद्यार्थिनी, आमची ताई, त्यांच्या शेजारी पिशवी उघडून बसली आहे. पिशवीत बॅट डिटेक्टर, रेकॉर्डर, दोन पॉवर बँक, लाल उजेडाची बॅटरी आणि डबा.

ज्यांच्यासाठी आम्ही जमलो आहोत ते कामगार खोलीच्या कौलांखाली आहेत. अजून उठायचेत.

६.०५

सूर्य टेकला. कौलांच्या फटीतून बारीक चिकचिक ऐकू येते. ही त्यांची आपसातली कुरबुर, साध्या कानाला कळणारी. भिंतीवर फटीखाली काळपट ओघळ आणि खाली लेंड्यांचा पातळ थर. राहती फट ओळखायची खूण हीच.

ही पिपिस्ट्रेल गटातली लहान वटवाघळं. घरांच्या फटींत, कौलांखाली, झाडांच्या सालीमागे राहतात. एकेकाचं वजन पाच-सहा ग्रॅम, खिशातल्या पाच रुपयांच्या नाण्याइतकं. द्राक्षं यांच्या कामाची नाहीत. यांचं पोट किड्यांवर.

“फळं खाणारी ती मोठी. ती वेगळी,” नाना सांगतात. “ही कधी घडाला लागली नाहीत.”

ताई डिटेक्टरची चकती चाळीसवर आणते. चाळीस किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला चाळीस हजार कंपनं. माणसाचा कान फार तर वीस हजारांपर्यंत पोचतो, वय वाढलं की त्याच्याही खालीच थांबतो. यंत्र आलेल्या आवाजातून चकतीवरचा आकडा वजा करतं आणि उरलेला फरक आपल्याला ऐकवतं.

६.३२

पहिलं बाहेर पडलं. फटीतून निसटलं, हातभर खाली आलं आणि पंख उघडून वळलं. मागून दुसरं, मग दोन एकदम.

डिटेक्टरमधून आवाज सुरू होतो. टप, टप, टप. ओलसर, सावकाश. सेकंदाला साधारण दहा. पंखाच्या एका फडकाऱ्याला एक हाक, असं ते गणित आहे.

नाना कान पुढे करतात. “एवढं ओरडतंय हे?”

ओरडतंच. तोंडापासून दहा सेंटिमीटरवर मोजलं तर आवाज १२० डेसिबलच्या आसपास भरतो. तो आपल्या कानाच्या पट्ट्याबाहेर आहे म्हणून आपली संध्याकाळ शांत. हाक मारायच्या क्षणी वटवाघळाच्या मधल्या कानातला एक बारीक स्नायू आवळतो आणि कान बधिर करतो. हाक संपली की काही सहस्रांश सेकंदांत तो सैल पडतो, कारण येणारा प्रतिध्वनी अगदी क्षीण असतो आणि तोच ऐकायचा असतो. रात्रभर, प्रत्येक हाकेला, हे आवळणं आणि सोडणं चालू.

एवढी मेहनत परवडते कशी, हा प्रश्न अभ्यासकांनाही पडला होता. लटकून बसलेल्या वटवाघळाला हाका मारायला लावलं तर खर्च बराच येतो. पण स्पीकमन आणि रेसी यांनी १९९१ मध्ये उडत्या वटवाघळांचा ऊर्जाखर्च मोजून दाखवला, तेव्हा हाकांचा वेगळा बोजा दिसलाच नाही. उडताना छातीचे स्नायू पंख मारतात, त्याच दाबाने फुप्फुसातली हवा बाहेर ढकलली जाते आणि त्या हवेवर हाक निघते. पंखाच्या कष्टात हाकेचा खर्च निघून जातो. म्हणून एका फडकाऱ्याला एक हाक.

६.४५

सगळी आधी शेततळ्यावर. तापलेल्या कौलाखाली दिवस काढल्यावर पहिली गरज पाण्याची. पृष्ठभागाला समांतर येतात, उडता उडता तोंड टेकवतात, उचलतात. पाण्यावर एक रेघ उमटते.

पाणी ओळखायची त्यांची खूण सोपी आहे. सपाट, गुळगुळीत, आडवं. अशा पृष्ठभागावर तिरकी पडलेली हाक पुढे निघून जाते, परत येत नाही. फक्त थेट खालून प्रतिध्वनी येतो. ग्राइफ आणि सीमर्स यांनी २०१० मध्ये वटवाघळांपुढे गुळगुळीत पत्रा, लाकूड आणि प्लॅस्टिक आडवं ठेवलं. वटवाघळं त्यावर पाणी प्यायला येत राहिली. जीभ कोरडी राहिली तरी पुन्हा येत राहिली.

नानांना हे ऐकून तळ्याचा प्लॅस्टिकचा कागद आठवतो. उन्हाळ्यात तळं आटलं की काठाचा कागद उघडा पडतो. पण तो सुरकुतलेला आणि तिरका, त्यामुळे पाण्यासारखा भासत नसावा.

७.१०

मोटारीच्या खोलीवर एक बल्ब आहे. त्याच्याभोवती चिलटं आणि बारीक पतंग जमलेत. कामाची जागा ठरली.

एक वटवाघूळ बल्बसमोर लंबवर्तुळात फेऱ्या घालतंय. टप, टप, टप. मग एकदम टपटपटप होतं, आणि शेवटी ताणलेला ‘झ्झ्झिप’. पुढे क्षणभर शांतता. मग पुन्हा टप, टप.

तो झिप म्हणजे झडप. रेकॉर्डरने तो नेमका पकडलाय. ताई फाईल दहापट संथ करून लावते आणि पडद्यावर रेघा दिसतात. ही एक झडप सावकाश बघण्यासारखी आहे.

आत्ता हवा २४ अंशांच्या आसपास. या तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३४६ मीटर जातो. म्हणजे मीटरभर दूरच्या किड्यापर्यंत जाऊन परत यायला त्याला जेमतेम ५.८ मिलिसेकंद लागतात. किडा दोन मीटरवर असेल तर ११.६. वटवाघळाला अंतर कळतं ते या वेळातूनच. हाक आणि प्रतिध्वनी यांच्यातली फट हेच त्याचं मोजमाप. डावी-उजवी दिशा दोन्ही कानांतल्या फरकावरून आणि वर-खाली बाह्य कानाच्या ठेवणीवरून. कानाच्या भोकासमोरचा चिमुकला पापुद्राही त्यात मदत करतो.

आता ते शोधात आहे. हाक सहा मिलिसेकंदांची, दोन हाकांमध्ये शंभर मिलिसेकंद. वेग सेकंदाला पाच मीटर धरला तर एका हाकेपासून दुसरीपर्यंत ते अर्धा मीटर पुढे गेलेलं असतं.

दोन मीटरवर पतंग लागला. इथून हाका लवकर येऊ लागतात. पन्नास मिलिसेकंदांनी, चाळिसांनी, तिसांनी. आणि प्रत्येक हाक आखूडही होत जाते. याला कारण आहे. सहा मिलिसेकंदांची हाक मारली आणि पतंग मीटरभराच्या आत असेल, तर हाक संपायच्या आधीच प्रतिध्वनी परततो. स्वतःच्या आवाजात तो बुडून जातो. म्हणून जवळ जाताना हाक छाटावी लागते. मीटरभरावर ती दोन-तीन मिलिसेकंदांवर येते. चाळीस सेंटिमीटरवर प्रतिध्वनी २.३ मिलिसेकंदांत येणार, तेव्हा हाक एक मिलिसेकंदाची.

शेवटच्या दशांश सेकंदात सहा मिलिसेकंदांना एक हाक. सेकंदाच्या हिशेबाने दीडशेच्या वर. आपल्याला ऐकू आलेला झिप तो हाच. या वेगाने आवळू शकणारे स्नायू प्राण्यांमध्ये दुर्मिळ. वटवाघळाच्या कंठातले स्नायू सेकंदाला २०० वेळांपर्यंत हे करतात, असं २०११ मध्ये सायन्स नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं.

पतंग पंखाच्या टोकाने वळवून शेपटीच्या पडद्यात झेलला जातो. डोकं वाकवून तिथून तोंडात. दोन मीटरपासून इथवर अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ गेला आणि तीसएक हाका खर्ची पडल्या.

“मग सारखंच असं भराभर का नाही ओरडत?” नाना विचारतात. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला.

सहा मिलिसेकंदांनी पुढची हाक निघाली की मागच्या हाकेचा मीटरभरापलीकडचा प्रतिध्वनी त्यानंतर येणार. तो पहिल्या हाकेचा की दुसरीचा, कसं समजायचं? लांबचं जग गोंधळून जातं. म्हणून भराभर हाका फक्त हाताशी आलेल्या किड्यासाठी. झडपेच्या त्या क्षणात वटवाघूळ मीटरभराच्या पलीकडे जवळजवळ काहीच तपासत नाही. दूरचं बघायचं तर थांबून ऐकावं लागतं, जवळचं नेमकं बघायचं तर दूरचं सोडावं लागतं.

झडप साधली की चुकली, हे ताई झिपनंतरच्या शांततेवरून सांगते. तोंडात घास असेल तर पुढची हाक जरा उशिरा येते. चुकली तर टपटप लगेच सुरू. हा अंदाजच आहे, खात्री नव्हे. पण बल्बच्या उजेडात दोन-चार वेळा डोळ्यांनी ताडून बघितला तर जुळतो.

७.५०

बल्ब गेला. सिंगल फेज बंद. अमावास्या जवळ आलेली, त्यामुळे हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही.

डिटेक्टर मात्र चालू आहे. टप, टप, टपटप, झिप. लय तीच. उजेड किड्यांसाठी होता, शिकाऱ्याला त्याची गरज नव्हती. थोड्या वेळाने झडपा विरळ होतात, कारण बल्बभोवतीचे किडे पांगले. मग आवाज मळ्याच्या दिशेने सरकतो.

८.१५

ओळींच्या मधे उभे आहोत. डोक्यावर तारा.

इथे आवाज बदललाय. ओलसर टप गेला, कोरडा टिक आला. मोकळ्यावर हाक जवळजवळ एकाच सुरावर रेंगाळते. त्याने दूरचा किडा लागतो. अडचणीच्या जागी मात्र हाक आखूड होते आणि उंच सुरावरून वेगाने खाली घसरते. अनेक सुरांतून गेलेली हाक अंतर बारीक मोजते. दर सेकंदाला हाकाही वाढतात. समोर तारा आल्या की वाढतात, ओळ संपून मोकळं आलं की पुन्हा उतरतात. डोळे मिटूनही कळतं की ते आत्ता तारांमधून गेलं.

तारांचा हा प्रयोग जुना आहे. इटलीत स्पालान्झानीने १७९० च्या दशकात आंधळी केलेली वटवाघळं सुरळीत उडताना पाहिली. स्वित्झर्लंडमधल्या ज्यूरीनने त्यांचे कान बंद केले, तेव्हा ती आदळू लागली. कारण कुणालाच सांगता येईना, ऐकू येणारा आवाजच नव्हता. हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलम्बोस यांनी खोलीच्या मधोमध तारांचा पडदा टांगला. तारा मिलिमीटरभर जाडीच्या, फूट-फूट अंतरावर. डोळे झाकले तरी वटवाघळं तशीच निघून जात. कान बंद केले की आदळत. तोंड बांधलं तरी आदळत. १९४१ मध्ये हे छापून आलं. तोंड आणि कान, दोन्ही लागतात हे तिथे ठरलं.

आमच्या डोक्यावरच्या तारा त्याहून जाड आहेत. मीटर-दीड मीटरवरून त्या लागत असतील, तर पाच मीटर वेगाने वळायला पाव सेकंदाच्या आसपास मिळतो. पुरतो.

९.००

ताई डबा उघडते. भाकरी, पिठलं, कांदा. नाना घरी जेवून आलेत, तरी कांदा घेतात.

मजुरीचा हिशेब निघतो. या वजनाचं वटवाघूळ रात्रीत स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास खाऊ शकतं. पाजणारी मादी त्याहून जास्त. सहा ग्रॅमचं असेल तर दोन ग्रॅम. एक डास साधारण दोन मिलिग्रॅमचा. नुसत्या डासांवर भागवायचं तर हजार लागतील. बारीक पतंग तीस मिलिग्रॅमचा धरला तर साठ-सत्तर पुरतात. म्हणून पतंग लागला की चिलटं सोडून देणं परवडतं.

बारीक किड्यांना आणखी एक आडकाठी आहे. चाळीस किलोहर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेआठ मिलिमीटरची. त्याहून बराच लहान किडा आवाज नीट परतवत नाही. तो लागतो, पण अगदी जवळ आल्यावर.

१०.०५

लाईट आली. नाना स्टार्टरचं बटण दाबतात, मोटार घरघरते, ठिबकच्या नळ्या फुगतात. आता वेलींची ओळ न् ओळ फिरून तुंबलेले ड्रिपर बघायचे. बल्बही लागला. दहा मिनिटांत किडे परत आले, आणि त्यांच्यामागे टपटपही.

शेजारच्या वावरात टोमॅटो आहे. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग तिथून येतो. हरभऱ्यावरची घाटेअळी ती हीच. तिच्या पतंगाला कान असतात. छातीच्या दोन्ही बाजूंना एकेक पडदा, आणि प्रत्येक कानात ऐकणाऱ्या पेशी दोनच. वटवाघळाची हाक लांबून क्षीण आली की पतंग दिशा बदलून दूर जातो. जोरात आली, म्हणजे ते जवळ आलं, की पंख मिटून दगडासारखा खाली पडतो किंवा वेडीवाकडी गिरकी घेतो. अमेरिकेत केनेथ रोडर यांनी या दोन पेशींवर वर्षानुवर्षं काम केलं.

त्यातही मेख आहे. पतंगाला हाक एकदाच अंतर कापून येते. वटवाघळाला प्रतिध्वनी जाऊन-येऊन, आणि तोही किड्याच्या अंगावरून परतलेला तुकडा. म्हणून पतंगाला वटवाघूळ आधी कळतं, वटवाघळाला पतंग नंतर. अर्ध्या सेकंदाच्या कामात ही आघाडी मोठी आहे. बल्बखाली एक जाडजूड पतंग सरळ मातीत पडताना दिसला, आणि त्याच क्षणी डिटेक्टरवर झिप सुरू होऊन अर्ध्यात तुटला.

मध्यरात्री १२.३०

आवाज विरळ. पोटं भरली आहेत, बरीचशी कुठेतरी लटकून पचवत असतील. नाना तिसऱ्या ओळीत खाली बसून सुईने ड्रिपर मोकळा करताहेत.

ताई चकती १२० च्या पुढे नेऊ बघते. चकतीच संपते. साध्या यंत्राची ही हद्द. लेण्यांच्या अंधाऱ्या विहारांत राहणारी पर्णनासी वटवाघळं, नाकावर पानासारखी घडी असलेली, १३० किलोहर्ट्झच्याही वर बोलतात. अशा यंत्रावर ती मुकीच. त्यांच्यासाठी रेकॉर्डर लागतो, तोही सेकंदाला आवाजाचे किमान तीन लाख नमुने घेणारा.

त्यांची पद्धत वेगळी. पानांच्या गर्दीत बसलेल्या किड्याचा प्रतिध्वनी पानांच्या प्रतिध्वनींत हरवतो. पिपिस्ट्रेल तिथे जातच नाही, वर मोकळ्यात राहतं. पर्णनासी मात्र हाकेचा बराचसा भाग एकाच सुरावर धरते. पान स्थिर असलं तर सूर तसाच परत येतो. पतंग पंख हलवत असेल तर परतलेला सूर त्या लयीत थरथरतो, आणि तिचा कान नेमका त्याच सुरांच्या पट्ट्याला लावलेला असतो. तमिळनाडूत मदुराईजवळच्या पर्णनासींवर हाबरझेटझर, शुलर आणि नॉयवायलर यांनी १९८४ मध्ये हे तपशिलात मांडलं. किंमत अशी की इतका उंच सूर हवेत लवकर विरतो. त्यामुळे तिला काही हातांच्या टप्प्यातच काम करावं लागतं.

आपल्या लेण्यांतल्या वटवाघळांची जुनी मोठी नोंद आंद्रे ब्रॉसे या फ्रेंच अभ्यासकाची. पश्चिम आणि मध्य भारतातल्या वटवाघळांवरची त्याची लेखमाला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली. लेण्यांत वटवाघूळ दिसलं की दिवा मारणाऱ्यांनी ती एकदा वाचावी असं मला मनापासून वाटतं.

पहाटे ३.५०

पुन्हा वर्दळ. रात्रीतली दुसरी फेरी.

खोलीच्या ओसरीत नानांनी मघाशी ताडपत्री टांगली, पेस्टचे डबे दवापासून झाकायला. रोजच्या वाटेवर नवीन आडकाठी. पहिलं वटवाघूळ नेहमीच्या वळणाने आलं आणि ताडपत्रीला पंख घासून गेलं. हाका चालू होत्या, तरीही. दुसऱ्या फेरीला ते हातभर लांबून वळलं.

ओळखीच्या जागेत वटवाघळं आठवणीवर बरंच उडतात. हाक मारतात, पण लक्ष द्यायचं ठरवलेलं नसतं. ग्रिफिनलाही हे दिसलं होतं. म्हणून गुहेच्या किंवा जुन्या वाड्याच्या तोंडाशी जाळी बसवायची वेळ आली, तर ती एका दिवसात ठोकून चालत नाही.

न लागणारी आडकाठीही असते. गुळगुळीत उभी भिंत. तिरकं येणाऱ्या वटवाघळाची हाक तिच्यावरून पुढे निसटते, परत काहीच येत नाही, आणि ज्या दिशेने काही परत येत नाही ती मोकळी वाट ठरते. ग्राइफ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अंधाऱ्या बोगद्यात उभा गुळगुळीत पत्रा ठेवला. २१ पैकी १९ वटवाघळं त्यावर आदळली. तोच पत्रा आडवा ठेवला तर एकही नाही. नाशिकमध्ये महामार्गालगत काचेच्या इमारती उभ्या राहताहेत. त्यांच्या पायथ्याशी सकाळी काय पडलेलं असतं, ते झाडणाऱ्यांना विचारायला हवं.

संक्रांतीत येवल्याकडे आभाळभर पतंगी असतात. तुटलेला नायलॉन मांजा झाडांत अडकून राहतो. बारीक आणि गुळगुळीत. तार जितकी बारीक तितकी ती उशिरा लागते, आणि अशा दोऱ्यासाठी वळायला वेळ उरत नाही. मांजा काढायचा तर पतंगी संपल्या की लगेच, बांबूला आकडा बांधून.

५.५०

परतायची घाई. फटीसमोर दोन-तीन गिरक्या, मग भिंतीवर टेकून आत. गिरक्या घेताना टिकटिक दाट होते आणि टेकायच्या क्षणी पुन्हा छोटासा झिप. भिंतीवर उतरणं हेही शेवटच्या हातभराचं काम, त्यालाही तीच भराभर हाक.

लाईट गेली. मोटार थांबली. नाना पाय धुतात.

६.३५

ऊन आलं. ताई भिंतीखालच्या ताज्या लेंड्या चिमट्याने कागदाच्या पुडीत घेते. नाना म्हणतात, “उंदराच्याच की.” ती एक लेंडी बोटांत चुरडते. उंदराची कडक असते, चुरत नाही. हिचा भुगा झाला, आणि भुग्यात पंखांचे खवले व कठीण कवचाचे चकाकणारे कण. हे भिंगाखाली बघून कुठल्या गटातला किडा ते सांगता येतं. टोमॅटोवरचा पतंग त्यात किती, हे बघायचं तर पुडीवर तारीख, जागा आणि शेजारच्या वावरातलं पीक लिहावं लागतं. ती लिहिते. फटीखाली एक जुनं पोतं अंथरायचं ठरतं, म्हणजे रोजच्या लेंड्या वेगळ्या मिळतील.

पिकअपचा हॉर्न वाजतो. टोळी आली. नाना पेस्टचे डबे काढायला ताडपत्री सोडतात.